साडेसात हजारांचे निम्मे : कोथरूडमधल्या एका भाडेकराराचा हिशोब

जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात एका तरुण जोडप्याने मला व्हॉट्सअॅपवर त्यांच्या एजंटचा निरोप पुढे पाठवला. निरोप एका ओळीचा होता : ‘अॅग्रीमेंट चार्जेस ७,५००, ओनर आणि टेनंट निम्मे-निम्मे.’ खाली त्यांचा प्रश्न : ‘ताई, हे बरोबर आहे का? घरमालकीणबाई म्हणतात, करार तुम्हाला हवाय, तुम्हीच भरा.’

मी पुण्यात भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देते. हा प्रश्न महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो आणि दर वेळी वाद एकाच ठिकाणी अडकलेला असतो. दोघेही पूर्ण आकड्यावर भांडत असतात. त्या आकड्यात काय काय बसवलंय, हे दोघांनीही पाहिलेलं नसतं. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात मुद्रांक, नोंदणी, नोटरी, घरी येऊन थंब, म्हणजे बोटांचे ठसे, घेण्याचा खर्च, कागदावर भाडं कमी दाखवण्याची सूचना आणि शेवटी डिपॉझिटमधून कपात असं सगळंच एका करारात आलं.

घर कोथरूडमधलं, दोन बेडरूमचं. मालकीण चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकू, यजमान गेल्यापासून नाशिकला मुलाकडे राहतात. भाडेकरू मूळचे सांगलीचे, दोघेही नोकरी करणारे. ठरलेलं असं : मुदत चोवीस महिने, पहिल्या वर्षी महिना २३,००० रुपये, दुसऱ्या वर्षी २५,०००, परत मिळणारं डिपॉझिट १,२०,०००, पहिले सहा महिने घर सोडायचं नाही आणि नंतर एक महिन्याची नोटीस. एजंटची दलाली वेगळी होती, ती दोन्हीकडून त्याला मिळाली होती. तिच्याशी या हिशोबाचा संबंध नाही.

आकडा उघडल्यावर

मी जोडप्यातल्या मुलाला म्हणाले, एजंटला फक्त एवढंच विचारा की ७,५०० मध्ये काय काय आहे. उत्तर यायला दोन दिवस लागले. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन ४,२००, ड्राफ्टिंग आणि टायपिंग १,०००, पुण्याला आणि नाशिकला माणूस पाठवण्याचे १,६००, नोटरी ७००.

यातला पहिला आकडा घरी बसून तपासता येतो. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीत लिव्ह अँड लायसन्ससाठी, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याच्या अशा करारांसाठी, ३६-अ हा स्वतंत्र अनुच्छेद आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर ०.२५ टक्के शुल्क लागतं. ते ज्या रकमेवर लागतं, तिचे भाग असे : संपूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी काही रक्कम दिली असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज. डिपॉझिटची पूर्ण रक्कम धरायची नसते, फक्त त्यावरचं हे मानलेलं व्याज धरायचं. अनेक जण इथेच चुकतात.

आमच्या प्रकरणात पहिल्या वर्षाचं भाडं २,७६,००० आणि दुसऱ्या वर्षाचं ३,००,०००, म्हणजे ५,७६,०००. डिपॉझिटवर वर्षाला १२,००० प्रमाणे दोन वर्षांचं व्याज २४,०००. बेरीज सहा लाख. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे दीड हजार रुपये, ही मुद्रांक शुल्काची रक्कम. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० असते (ग्रामीण भागात ५००). ऑनलाइन नोंदणीसाठी दस्त हाताळणी शुल्क ३०० रुपये. सरकारकडे जाणारी एकूण रक्कम २,८०० झाली.

एजंटच्या ४,२०० आणि या २,८०० मधला १,४०० रुपयांचा फरक त्याचा स्वतःचा होता. त्याने आपल्या कामाचे पैसे घ्यावेत, त्याला माझी हरकत नाही, मीही घेतेच. पण ते सरकारी शुल्काच्या नावाखाली लावले की वाटणीचा पायाच चुकतो. ‘सरकारचंच आहे’ म्हटल्यावर माणूस घासाघीस करत नाही, आणि समोरच्या पक्षाने निम्मे द्यायला का-कू केली की तो चिकट वाटायला लागतो. काकू आणि हे जोडपं एकमेकांना अजून भेटलेही नव्हते आणि एकमेकांविषयी त्यांचं मन कडवट झालं होतं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सरकारी रक्कम पडताळायला माझ्यावरही विश्वास ठेवायची गरज नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ‘ग्रास’ या शासकीय प्रणालीतून ई-चलनाने भरली जाते. चलनावर दोन्ही रकमा वेगवेगळ्या ओळींत छापलेल्या असतात आणि वर जीआरएन क्रमांक असतो. त्या क्रमांकाने चलन खरं आहे की नाही, हे संकेतस्थळावर पाहता येतं. दस्ताची नोंदणी झाली की ते चलन ‘डिफेस’ होतं, म्हणजे वापरलं गेल्याची खूण त्यावर येते आणि तेच चलन दुसऱ्या दस्ताला लावता येत नाही. दस्त हाताळणी शुल्काची पावती वेगळी निघते. ‘पावती करार झाल्यावर देतो’ असं कुणी म्हणालं, तर पैसे देण्याआधी चलनाची प्रत मागा. ती काही सेकंदांत पाठवता येते.

नोटरीचे सातशे रुपये

एजंटने पर्यायही सुचवला होता. वाद नको असेल तर पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार करू, नोटरी करून घेऊ, सगळं मिळून दीड हजारात काम होईल. काकूंना हे पटलं होतं. नाशिकला त्यांच्या शेजाऱ्यांनी असंच केलं होतं.

या अकरा महिन्यांची गोष्ट समजून घ्यायला हवी. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून देशभर अकरा महिन्यांचे कागद करायची सवय लागली : वर्षाच्या आत राहायचं आणि नोंदणी टाळायची. महाराष्ट्रात ही पळवाट बंद आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा किंवा भाड्याने देण्याचा प्रत्येक करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवला गेला पाहिजे. त्यात मुदतीची सूट नाही. अकरा महिने असोत की साठ, नोंदणी लागतेच.

नोटरी सही करणाऱ्याची ओळख पाहतो, सही आपल्यासमोर झाली असं लिहितो, आपल्या नोंदवहीत घेतो आणि शिक्का मारतो. ते काम आपल्या जागी योग्य आहे. पण त्यामुळे करार दुय्यम निबंधकाच्या दप्तरी जात नाही, त्याला दस्त क्रमांक मिळत नाही आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती निघत नाही. नोंदवलेला करार आणि नोटरी केलेला करार यांतला फरक ओळखायचा असेल तर शिक्के मोजू नका, इंडेक्स टू मागा.

मग नोंदवायच्या कराराला आधी नोटरी कशाला? काहीच कारण नाही. एजंटच्या यादीतले ते ७०० रुपये सरळ वगळले. ते कुणाच्या वाट्याला टाकायचे हा प्रश्नच उरला नाही.

आणखी एक गुंता होता. एजंटने कुणालाही न विचारता पाचशेचा स्टॅम्प पेपर आधीच विकत आणला होता आणि आता त्याचे पैसे मागत होता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये किमान मुद्रांक शंभरावरून पाचशेवर गेला, तेव्हापासून असा वाया गेलेला कागद चांगलाच बोचतो. नोंदणीचं शुल्क आम्ही ई-चलनाने भरणार होतो, त्यामुळे त्या कागदाचा या कराराला उपयोग नव्हता. ज्याने न विचारता आणला त्यानेच त्याची सोय लावावी, असं मी स्पष्ट सांगितलं. न वापरलेला कागद मुद्रांक कार्यालयात परत देऊन काही कपात सोसून पैसे मागता येतात, पण खरेदीपासून सहा महिन्यांच्या आत. त्यानंतर तो कागद वापरताही येत नाही. एजंटने पुढे त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

‘करार तुम्हाला हवाय, तुम्हीच भरा’

आता काकूंचं म्हणणं. ते अगदीच निराधार नव्हतं. जोडप्यातल्या मुलाला कंपनीत घरभाड्याची सवलत घ्यायची होती आणि मुलीला पासपोर्टवरचा पत्ता बदलायचा होता. दोघांनाही नोंदवलेला करार हवा होता. त्यांची गरज आहे तर त्यांनी खर्च करावा, असं काकूंना वाटणं स्वाभाविक होतं.

मी नाशिकला फोन करून काकूंना कलम ५५ चा दुसरा भाग समजावून सांगितला. करार नोंदवून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नोंदवलेला लेखी करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे उद्या कुणी म्हणालं की डिपॉझिट दोन लाख दिलं होतं, तर ते खोटं ठरवायचं ओझं काकूंवर. नोंदणी न करणाऱ्या घरमालकाला दोष सिद्ध झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हेही त्याच कलमात आहे. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे हा कागद माझ्यासाठीच आहे की गं.”

हो, काकूंसाठी आहेच. भाडेकरूला त्याचे रोजचे उपयोग आहेत, पण कागद नसेल तर जास्त धोका मालकाला आहे.

मात्र इथे एक फरक नीट पाहायला हवा, कारण भाडेकरूही अनेकदा चूक करतात. कलम ५५ जबाबदारी कुणाची ते सांगतं, पैसे कुणी द्यायचे ते सांगत नाही. ‘कायद्याने सगळा खर्च मालकाचा’ हे वाक्य मी खूप ऐकते, ते बरोबर नाही. मुद्रांकाचा खर्च कुणावर, याबद्दल मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३० मध्ये नियम आहे आणि तो सुरूच होतो ‘वेगळा करार नसेल तर’ अशा अर्थाने. भाडेपट्ट्याच्या बाबतीत हा खर्च पट्टा घेणाऱ्यावर जातो. लिव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नव्हे, तिथे मालक फक्त वापराची परवानगी देतो, त्यामुळे त्या ओळीचा आधार घेऊन भाडेकरूच्या गळ्यात सगळं घालू नये. दोघांनी मिळून काय ठरवलं ते लिहून ठेवणं हाच सरळ मार्ग, आणि कायद्यानेही त्यासाठी जागा ठेवली आहे.

कागदावर पंधरा हजार

नाशिकच्या फोनवर काकूंच्या मुलाने मधेच एक सूचना केली. करारात भाडं १५,००० दाखवू, उरलेलं रोख. स्टॅम्प कमी लागेल, दोघांचंही भलं.

ही सूचना मला दर महिन्याला ऐकायला मिळते आणि दर वेळी मी आधी आकडा सांगते. दोन वर्षांत मिळून २,१६,००० रुपये कमी दाखवले असते, तर मुद्रांकात वाचले असते ५४० रुपये. निम्मे केले तर प्रत्येकी २७०.

त्या २७० रुपयांसाठी काय द्यावं लागलं असतं? भाडेकरूला घरभाड्याची सवलत कागदावरच्या रकमेवरच मिळाली असती. मालकाचं नुकसान याहून मोठं. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर लायसन्सीने, म्हणजे भाडेकरूने, घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो आणि करारात ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला आहे. म्हणजे करारात १५,००० असतील तर दुप्पट ३०,०००. खरी रक्कम लिहिली असेल तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दुप्पट ५०,०००. आपण स्वतःच लिहून दिलेला आकडा नंतर खोटा होता असं मालकाला कुठे सांगता येणार?

काकूंच्या मुलाने विषय सोडला. मी असा करार करून दिला नसताच, तेही त्याला सांगितलं.

वाटणी

एकूण रकमेचे निम्मे करू नका, प्रत्येक रकमेपुढे ती कशामुळे आली ते लिहा, असं मी दोन्ही पक्षांना म्हटलं. करार दोघांसाठी आहे म्हणून जी रक्कम लागते ती दोघांची. एका पक्षाच्या सोयीमुळे किंवा अडचणीमुळे जी वाढते ती त्याची.

सरकारचे २,८०० दोघांचे, प्रत्येकी १,४००. काम आता माझ्याकडे होतं. करार तयार करणं, माहिती भरणं आणि पुण्यात भाडेकरूंच्या घरी जाऊन थंब घेणं याचे माझे १,२०० ठरले, तेही दोघांचे, प्रत्येकी ६००. नाशिकला माणूस जाणार होता तो काकू तिथे राहतात म्हणून, ते ८०० काकूंचे. भाडेकरूंचे २,०००, काकूंचे २,८००, सगळे मिळून ४,८००. एजंटच्या निम्म्याने दोघांकडून प्रत्येकी ३,७५० गेले असते.

काकूंना ८०० खटकले. “मी म्हातारी माणूस, मी पुण्याला कशी येणार?” त्यांचं म्हणणं मला समजत होतं, पण भाडेकरूंचा त्यात काय दोष? मी त्यांना उलट बाजू विचारली : हे दोघं बंगळूरला असते आणि तिथे थंब घ्यायची सोय करावी लागली असती, तर तुम्ही निम्मे दिले असते का? नाही म्हणाल्या. मग मान्य केलं.

मुदतीचा मुद्दाही वाटणीत येतो, तो सहसा कुणी बघत नाही. मुद्रांक शुल्क भाडं आणि मुदतीच्या प्रमाणात वाढतं, पण नोंदणी फी आणि हाताळणी शुल्क दर कराराला तेवढंच लागतं. याच घराचे अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार केले असते, तर मुद्रांक दोन्हींचा मिळून जवळपास तेवढाच, साधारण चौदाशेच्या घरात. पण १,३०० चे ठरलेले शुल्क दोनदा, माझे पैसे दोनदा आणि नाशिकची फेरीही दोनदा. शिवाय मिळाले असते बावीसच महिने. ज्यांना खरोखर दोन वर्षं राहायचं आहे त्यांनी लांब मुदत घ्यावी आणि बाहेर पडायची सोय नोटीसच्या कलमात ठेवावी. वर्षभरात घर विकायचा किंवा स्वतः राहायला यायचा विचार मालकाच्या मनात असेल, तर मात्र छोटी मुदतच बरी. अशा वेळी वारंवार येणारा नोंदणीचा खर्च मालकाने जास्त उचलावा, असं माझं मत आहे, कारण छोटी मुदत त्याच्या सोयीसाठी आहे.

करारात आम्ही एक कलम घातलं. त्याचा मसुदा असा : ‘या कराराचे मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दस्त हाताळणी शुल्क व करार तयार करण्याचा खर्च दोन्ही पक्षांनी समान वाटून घेतला आहे. बायोमेट्रिकसाठी एखाद्या पक्षाच्या ठिकाणी जाण्याचा जादा खर्च त्या पक्षाचा राहील. एखाद्या पक्षाने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे दस्त पुन्हा करावा लागल्यास पुन्हा लागणारा सर्व खर्च त्या पक्षाचा राहील. यांपैकी कोणताही खर्च अनामत रकमेतून वळता करता येणार नाही.’

शेवटचं वाक्य मुलीच्या आग्रहाने आलं. तिच्या आधीच्या घरी तिला या कपातीचा अनुभव आला होता.

अंगठा उमटेना

ऑनलाइन नोंदणीत दोन्ही पक्षांची आणि दोन साक्षीदारांची ओळख आधारवरून, बोटांच्या ठशांनी पटवावी लागते. पुण्याचं काम वीस मिनिटांत झालं. नाशिकला काकूंचा अंगठा काही केल्या स्वीकारला जाईना. वय झालं की बोटांवरच्या रेषा झिजतात आणि आधारमध्ये नोंदवलेल्या ठशांशी जुळत नाहीत. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की वयस्कर मालक असले की आता मी आधीच विचारते : बँकेत किंवा रेशन दुकानात ठसा लागतो का?

या वेळी विचारायचं राहिलं, ती माझी चूक. गेलेल्या माणसाने कोमट पाण्याने बोटं धुऊन, पुसून, दहाही बोटं लावून पाहिली. जमलं नाही. काकूंना आधार केंद्रात जाऊन ठसे अद्ययावत करून घ्यावे लागले आणि काही दिवसांनी माणूस पुन्हा गेला. दुसऱ्या फेरीचे ५०० रुपये झाले.

ते कुणाचे? कलमाप्रमाणे काकूंचे. पण आधी विचारणं माझं काम होतं आणि मी विचारलं नव्हतं, म्हणून ते पाचशे मी माझ्या खिशातून दिले. काकू नको म्हणत होत्या. मला ते घेणं बरोबर वाटलं नाही.

दस्त दाखल झाल्यावर दुय्यम निबंधकांकडून एक शंका आली : काकूंच्या नावाचं स्पेलिंग आधारवर आणि करारात जुळत नव्हतं. हे नोंदणीआधीच लक्षात आलं म्हणून दुरुस्ती झाली. नोंदणी झाल्यावर कळलं असतं, तर दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागला असता. त्यानंतर दोन दिवसांत दस्त क्रमांक आणि इंडेक्स टू आली. मी दोघांनाही एकाच वेळी तीन कागद पाठवले : नोंदवलेला करार, इंडेक्स टू आणि डिफेस झालेलं चलन. चलन पाठवताना वरच्या दोन ओळींखाली रेघ मारली, १,५०० आणि १,०००.

दहा महिन्यांनी

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जोडप्यातल्या मुलाची बदली झाली. सहा महिन्यांची अट कधीच पूर्ण झाली होती, त्याने एक महिन्याची नोटीस दिली आणि घर रिकामं केलं. काकूंच्या मुलाने डिपॉझिटचा हिशोब पाठवला तेव्हा त्यात वीज बिल आणि स्वयंपाकघरातल्या फुटलेल्या टाइल्सचे पैसे होते आणि खाली एक ओळ : ‘करार अर्ध्यात मोडल्यामुळे आमचा नोंदणी खर्च, २,८००.’

भाडेकरू मुलाने मला फोन केला. मी काकूंशी बोलले. दहा महिन्यांत करार संपला तरी सरकारला दिलेलं शुल्क परत येत नाही, हे खरं. पण नोटीस देऊन जाण्याचा हक्क करारातच होता, तो वापरणं म्हणजे करार मोडणं नव्हे. आणि सहा महिन्यांच्या आत गेले असते तरी आपण लिहिलेल्या कलमाप्रमाणे हा खर्च डिपॉझिटमधून कापता आला नसता. वेगळं मागता आलं असतं, कापता नाही.

काकूंनी कलम वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. “हे तर मी सही केलंय,” त्या म्हणाल्या आणि मुलाला ती ओळ काढायला लावली. त्या संध्याकाळी उरलेलं डिपॉझिट जोडप्याच्या खात्यात जमा झालं.

नवा भाडेकरू जानेवारीपासून यायचा होता. काकूंनी करारासाठी मलाच बोलावलं. नाशिकच्या फेरीचे ८०० त्यांनी या वेळी स्वतःहून आपल्या बाजूला लिहिले, आणि मी विचारायच्या आधीच सांगितलं की गेल्याच आठवड्यात बँकेत अंगठा लागला होता.